पंख्याची कुरकुर
सहा पानांची भयकथेची संहिता, एकच खोली, एकटी आजी. मित्रांसमोर वाचली, पण कुणी दचकलंच नाही. दार, मांजर, पावलं, भांडी असे नऊ आवाज मी कोंबले होते आणि प्रत्येकाआधी ‘अचानक’! (आता हसू येतं.)

मग फक्त पंख्याची कुरकुर ठेवली. पहिल्या पानापासून ती दर दोन सेकंदांनी येते, त्यामुळे कान सरावतात आणि तिला विसरतात. चौथ्या पानावर मी ओळी तोडून लिहिलं:

पंखा फिरतोय.
कुरकुर नाही.
आजी वर बघते.

मग तीच कुरकुर, पलंगाखालून.

मधली शांतता स्टॉपवॉच लावून वाचली. बारा सेकंदांना मंडळी चुळबुळली, आठ सेकंदांना कुणी हललं नाही. आठच ठेवले.