बाहेरून आणून बसवलेली वस्तू उपरी दिसू नये म्हणून : धूसरपणा आणि नॉइज कसा जुळवावा

अंधुक खोलीत ISO 3200 वर टिपलेल्या टेबलाच्या छायाचित्रात, स्टुडिओत काढलेली फुलदाणी फोटोशॉपमध्ये बसवायची आहे, असे समजू. प्रकाश आणि रंग जुळवल्यावरही ती उपरी वाटते, कारण टेबल नॉइजच्या बारीक कणांमुळे रवाळ आणि किंचित धूसर आहे, तर फुलदाणी गुळगुळीत आणि धारदार आहे.

सर्वप्रथम फुलदाणीचा आकार पक्का करावा. चित्र निम्म्या आकाराचे केले की साधारणपणे चार पिक्सेलांच्या सरासरीतून एक पिक्सेल बनतो, त्यामुळे नॉइज कमी होतो आणि कडाही अरुंद होतात. आधी केलेली जुळवाजुळव मग वाया जाते.

त्यानंतर धूसरपणा पाहावा. फुलदाणी जितक्या अंतरावर उभी राहणार आहे, तितक्याच अंतरावरची एखादी ठळक कड शोधून ती उजेडाकडून अंधाराकडे किती पिक्सेलांत बदलते, हे मोजावे. तेथे चार पिक्सेल लागत असतील आणि फुलदाणीच्या कडेला दोनच, तर Gaussian Blur 0.5 पिक्सेलपासून हळूहळू वाढवावा. मास्कलाही तेवढाच ब्लर द्यावा. हे राहून गेले की आतला भाग मऊ होतो, पण बाह्यरेषा कात्रीने कापल्यासारखी उरते.

नॉइज शेवटी घालावा, कारण ब्लर तो पुसून टाकतो. फुलदाणीवर 50 टक्के राखाडी रंगाचा नवा लेअर घेऊन त्याचा ब्लेंड मोड Overlay ठेवावा, तो फुलदाणीच्या लेअरला क्लिप करावा आणि त्यावर Add Noise मधील Gaussian पर्याय वापरावा. किती नॉइज घालायचा, हे नजरेवर सोडण्यापेक्षा मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. टेबलाचा सपाट, एकसारख्या उजेडाचा तुकडा निवडून Histogram पॅनेलमध्ये Luminosity चा Std Dev, म्हणजे उजळपणा सरासरीभोवती किती वरखाली होतो त्याचा आकडा, वाचावा; तो 5 असेल, तर फुलदाणीच्या तितक्याच उजळ भागाचा आकडाही 5 च्या आसपास येईपर्यंत मात्रा वाढवावी.

आकडा जुळूनही पोत वेगळा दिसू शकतो. कॅमेऱ्यातील प्रक्रिया आणि जेपेग संकोचन यांमुळे खऱ्या छायाचित्रातील कण शेजारच्या पिक्सेलांत पसरलेले असतात, तर Add Noise प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र कण देतो. म्हणून नॉइजच्या लेअरला सुमारे 0.5 पिक्सेलचा ब्लर द्यावा आणि त्यामुळे घटलेला Std Dev मात्रा वाढवून भरून काढावा. मूळ नॉइजमध्ये रंगीत ठिपके असतील, तर Monochromatic बंद ठेवावे आणि निळा चॅनेल स्वतंत्रपणे तपासावा, कारण मंद पिवळसर प्रकाशात बहुधा तोच सर्वाधिक खराब असतो.

Overlay अगदी गडद भागावर फारसा परिणाम करत नाही, आणि उच्च ISO चा नॉइज नेमका सावल्यांतच जास्त दिसतो. फुलदाणीच्या काळोख्या बाजूसाठी म्हणून अधिक मात्रेचा दुसरा लेअर लागतो, जो मास्कने तेवढ्याच भागापुरता ठेवावा.

तपासणी 100 टक्के झूमवरच करावी. त्याहून लहान झूमवर कण एकमेकांत मिसळून दिसतात. सर्वांत वर एक तात्पुरता Levels लेअर ठेवून कॉन्ट्रास्ट खूप ताणला की न जुळलेला तुकडा लगेच वेगळा उठून दिसतो.