'मराठी'तला आ कुठून आला? वर्णविपर्यय आणि पूरक दीर्घत्व ओळखताना या चुका टाळा

'ठाणे' या नावात 'आ' आहे आणि 'स्थान'मधला स् गेलेला आहे. भाषाविज्ञानाच्या पेपरात यावरून ठोकून दिले जाते: स् लोपला, त्याची भरपाई म्हणून स्वर दीर्घ झाला, म्हणजे पूरक दीर्घत्व. उत्तर साफ चुकीचे आहे. 'स्थान'मध्ये 'आ' आधीपासूनच होता. शिलाहारांच्या काळातल्या 'श्रीस्थानक' या नावातही तो दिसतो. मग भरपाई कसली?

ही चूक होते, कारण स्वराची लांबी नेमकी कशाची भरपाई करते हेच पाहिले जात नाही. वृत्त शिकताना आपण एक नियम घोकलेला असतो: जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते. 'हस्त'मध्ये 'ह' ऱ्हस्व असूनही त्याच्या दोन मात्रा मोजतात, कारण पुढच्या 'स्त'चा स् त्याच्यावर आदळतो. प्राकृतात 'हस्त'चे 'हत्थ' झाले, तरी 'ह' गुरूच राहिला. पुढे 'त्थ'मधले एक व्यंजन गळाले तेव्हा दुसरी मात्रा उघडी पडली, आणि स्वराने लांब होऊन ती भरून काढली: हात. (मराठीत थ चा त झाला, ती गोष्ट वेगळी. हिंदीत 'हाथ' आहे.) म्हणजे अक्षराचे वजन तेवढेच राहिले, फक्त ते व्यंजनाकडून स्वराकडे गेले. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. सर्प, सप्प, साप या सगळ्या ओळी अशाच वाचायच्या.

शब्दाच्या सुरुवातीच्या जोडाक्षराआधी काहीच नसते, त्यामुळे ते कोणाला गुरू करत नाही. तिथले व्यंजन गेले तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. 'क्षण'पासून आलेला 'सण' पाहा. सुरुवातीचे जोडाक्षर मोडले, पण 'अ' ऱ्हस्वच राहिला. 'ग्राम'चे 'गाव' झाले, तिथला 'आ' जुनाच आहे. 'ठाणे' याच रांगेत बसते.

दुसरी चूक मधली पायरी गाळण्याची. 'हस्त → हात, स् चा लोप' असे लिहिले की परीक्षक गुण कापतो, आणि बरोबरच करतो. आधी दोन वेगळी व्यंजने एकसारखी होतात, मग त्या जोडीतले एक जाते आणि त्याच टप्प्यावर स्वर लांबतो. मधली पायरी कल्पनेतली नाही, ती आजही ऐकू येते. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर पंजाबी चालकाकडून आकडे ऐका: सत्त, अट्ठ. पंजाबीने जोडी सांभाळली, म्हणून स्वर लांबला नाही. उल्हासनगरात सिंधी माणसाकडून ऐका: सत, अठ. सिंधीने जोडी मोडली, पण भरपाई केली नाही. मराठीत सात, आठ. तीन भाषांचे हे तीन हिशोब समोर ठेवले की व्यंजन गेले म्हणजे स्वर लांबणारच, असा नियम नाही हे कळते. मराठीतही 'सतरा' आणि 'अठरा' यांत पहिला स्वर ऱ्हस्वच आहे, कारण शब्द लांब आहे. 'हत्ती'त तर द्वित्व तसेच टिकले.

तिसरी चूक शुद्धलेखनातून येते. 'दुग्ध, दुद्ध, दूध' आणि 'जिह्वा, जिब्भा, जीभ' ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतला लिहिलेला दीर्घ ऊ किंवा ई हा पुरावा म्हणून दाखवू नका. मराठी लेखननियमाप्रमाणे तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घच लिहितात. म्हणून 'वकील' आणि 'गूळ' यांतही तो दीर्घ असतो. आणि 'दुधाला', 'जिभेला' लिहिताना तोच ऱ्हस्व होतो. त्यामुळे पुरावा द्यायचा तर अ/आ या जोडीतला द्यावा. 'हाताला', 'कामाला', 'सापाला' यांत आ हलत नाही.

आता वर्णविपर्यय, म्हणजे शब्दातल्या वर्णांनी जागा बदलणे. इथे लिपी फसवते. 'कर्म'मधला रफार म च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात र् आधी आहे. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, स्वर मात्र नंतरचा. म्हणून अक्षरे नव्हे, वर्ण सुटे लिहा: क् अ र् म् अ. मग एकच कसोटी लावा. दोन्ही रूपांत वर्ण तेच हवेत, फक्त क्रम बदललेला हवा. 'नुकसान'चे 'नुसकान' होते तेव्हा क् आणि स् जागा बदलतात, बाकी सगळे जागेवर असते. 'मतलब'चे 'मतबल' होते तेव्हा ल् आणि ब् स्वर ओलांडून जागा बदलतात. हे शुद्ध विपर्यय. ठाणे स्टेशनवर ऐकू येणारे 'सिंगल' मात्र नुसता विपर्यय नाही. 'सिग्नल'मधला न् ग् च्या आधी आला आणि ग् मुळे त्याचा ङ् झाला. दोन बदल आहेत, तर दोन लिहावेत.

दोन्ही प्रक्रिया एकाच शब्दात येतात तेव्हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. तो शब्द म्हणजे 'मराठी'. सुरुवात 'महाराष्ट्र'पासून. 'ष्ट्र'चे 'ट्ठ' झाले. प्राकृताला दीर्घ स्वर आणि त्याला लागून जोडी असा दुहेरी भार चालत नाही, म्हणून आधीचा 'आ' ऱ्हस्व झाला. 'रात्रि'चे 'रत्ति' झाले ते याच कारणाने. 'महा'तला 'आ'ही ऱ्हस्व झाला: महरट्ठ. मग ह आणि र यांनी जागा बदलल्या: मरहट्ठ. हा बदल नजरेतून सुटणारा नाही. 12व्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी वेगळे सूत्र दिले, आणि 'वाराणसी'तल्या र-ण यांच्या अदलाबदलीसाठीही. पुढे 'ट्ठ'मधले एक व्यंजन गळाले, स्वर लांबला आणि 'मऱ्हाठी' हे रूप आले. शेवटी ह गेला: मराठी.

इथे हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली, 'मराठी'तला आ हा 'राष्ट्र'मधला जसाच्या तसा उरलेला आ आहे असे मानणे. 'मरहट्ठ' हे ऱ्हस्व रूप मध्ये उभे आहे, त्यामुळे तो आ नवा आहे. 'रात्रि, रत्ति, रात' मध्येही आ असाच जाऊन परत आला आहे. दुसरी चूक, ह गेला म्हणून आ आला असे म्हणणे. ही ऐकायला पटते, पण जुन्या मराठीतले 'मऱ्हाठी' ती खोडून काढते. त्यात ह आणि आ दोन्ही एकत्र नांदतात, मग ह च्या जाण्याची भरपाई ह असतानाच कशी होईल? आ आला तो 'ट्ठ' मोडल्यामुळे. याच रूपात र आधी आणि ह नंतर आहे, म्हणून विपर्ययाचा साक्षीदारही तेच. आज त्याचा अवशेष हवा असेल तर 'मऱ्हाटमोळा' म्हणून पाहा. लिहिताना मात्र 'ऱ्ह' असाच लिहा. 'र्ह' टाइप केला की रफार ह वर चढतो.