चष्म्यामागे हरवणाऱ्या डोळ्यांचा मेकअप

चष्मा लावणाऱ्यांना मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘डोळे जरा ठळक करा’. पण किती आणि कुठे, ते काचेच्या नंबरावर ठरतं. मायनस नंबरची काच समोरच्याला तुमचे डोळे लहान दाखवते. मायनस 5 ला साधारण 6 टक्क्यांनी. प्लस नंबरची काच डोळे मोठे दाखवते, आणि त्यांच्याबरोबर मस्काऱ्याच्या गुठळ्याही. इथे घेऊ मायनस 5 नंबर, जाड काळी फ्रेम आणि रोज काजळ घालायची सवय.

आधी आरसा. मायनस 5 ला चष्म्याशिवाय 20 सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. आरशातली प्रतिमा आरशाच्या दुप्पट अंतरावर असते, म्हणून आरसा डोळ्यापासून 10 सेंटिमीटरवर हवा. त्यामुळे भिंतीवरच्या आरशाचा नाद सोडा, हातात धरता येईल असा छोटा आरसा घ्या.

फाउंडेशन नेहमीसारखं लावा. फक्त नाकावर जिथे चष्मा टेकतो तिथलं टिश्यूने टिपून घ्या आणि चिमूटभर पावडर दाबा. तिथे जाड थर राहिला की चष्मा घसरतो आणि नाकावर दोन खड्डे उमटतात.

आता सावली. कन्सीलर लावण्याआधी चष्मा घालून छताच्या दिव्याखाली उभ्या राहा. फ्रेमची सावली बहुधा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या कडेला आणि गालाच्या वरच्या भागावर पडते. जिथे पडते तिथेच कन्सीलर लावायचं, डोळ्याखाली अर्धचंद्र काढत बसायचं नाही. मुगाच्या दाण्याएवढं एका डोळ्याला पुरतं. काळी वर्तुळं असतील तर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्या, नाहीतर वरचं कन्सीलर राखाडी दिसतं. शेड त्वचेपेक्षा एकच पायरी उजळ घ्या. त्याहून उजळ घेतली की काचेमागे पांढरे डाग दिसतात.

खरी अडचण पापणीवर येते. काजळ आणि आयलायनर मेणातेलाचे असतात आणि तेलातच विरघळतात. त्यामुळे पापणीवर क्रीम लावून त्यावर काजळ घातलं, तर ते ‘स्मज-प्रूफ’ असूनही पसरतं. त्यात चष्म्यामागे हवा कोंडते, घाम सुकत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून पापणीवर क्रीम नको. आधी ती टिश्यूने टिपा, प्रायमरचा अगदी पातळ हात द्या आणि वर त्वचेच्या रंगाची मॅट पावडर शॅडो दाबा. ब्रश घासू नका, दाबा.

लायनरची रेघ वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, केसांमध्ये टिंब टिंब देत भरा. जाड रेघ काढली तर पापणीचा उरलासुरला भाग झाकला जातो आणि काळ्या फ्रेमखाली डोळा आणखी बारीक होतो. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काळं काजळ, हा मायनस नंबरवाल्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. आधीच लहान दिसणाऱ्या डोळ्याभोवती तुम्ही कुंपण घालता. काजळाशिवाय चैन पडत नसेल तर खाली फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात, केसांच्या मुळाशी तपकिरी पेन्सिल फिरवा. आतल्या कडेवर त्वचेच्या रंगाची पेन्सिल. पांढरी नको, ती दुरूनही कळते. (प्लस नंबर असेल तर काळं काजळ खुशाल घाला.)

मस्कारा लावण्याआधी कर्लरने केस वळवा. नंतर वळवलेत तर ते चिकटून तुटतात. मुळाशी ब्रश हलकासा हलवून वर न्या, टोकांना जेमतेम स्पर्श. लांबी वाढवणारा मस्कारा चष्म्यासाठी निरुपयोगी, कारण वाढलेली टोकं काचेला घासतात. कोमट पाण्याने नळ्यांसारखा सुटून येणारा ‘ट्यूबिंग’ मस्कारा सगळ्यात बरा, तेलाने तो पसरत नाही. खालच्या केसांना मस्कारा लावूच नका.

पाच मिनिटं थांबा, मग दोन्ही काड्या धरून चष्मा समोरून सरळ घाला. एका हाताने तिरका सरकवला की बाहेरच्या कोपऱ्यातली रेघ गेलीच.

तासाभराने तपासा. काचेच्या आतल्या बाजूला काळे ठिपके असतील तर पापण्यांचे केस काचेला लागताहेत: टोकांचा मस्कारा कमी करा, किंवा धातूची फ्रेम असेल तर चष्म्याच्या दुकानात नाकाचे पॅड थोडे जवळ आणून घ्या, काच पुढे सरकेल. डाग पापणीच्या घडीत असेल तर पापणीवर तेल उरलंय. डोळ्याखाली असेल तर कन्सीलर जास्त झालंय किंवा त्यावर पावडर पडली नाही.

भुवया फ्रेमच्या वर दिसत असतील तर मोकळ्या जागा तेवढ्या भरा; काळ्या फ्रेमवर काळीकुट्ट भुवई म्हणजे दोन फ्रेम.