शुद्ध रंगांच्या ठिपक्यांतून चेहरा: फोटोवरून पॉइंटिलिस्ट व्यक्तिचित्र

काळ्या पेनाने स्टिपलिंग करणाऱ्यांनी आपली सवय आधी बाजूला ठेवावी. तिथे ठिपके दाट केले की सावली पडते, विरळ केले की उजेड येतो, आणि अर्धं काम कोरा कागदच करतो. पॉइंटिलिझममध्ये न कालवलेल्या रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवतात आणि ते लांबून डोळ्यात मिसळतात. इथे ठिपक्यांची दाटी सगळीकडे सारखी राहते. बदलतं ते फक्त प्रमाण, म्हणजे वीस ठिपक्यांत किती नारिंगी, किती हिरवे, किती पांढरे. उजेड हवा असेल तर तोही पांढऱ्या किंवा पिवळ्या ठिपक्यांनीच आणायचा, जागा मोकळी सोडून नाही.

फोटो एका बाजूने उजेड पडलेला घ्या. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत रंग सपाट होतात, त्याच्यावर वेळ घालवू नका. चेहरा साधारण 24 बाय 30 सेंटीमीटर आणि ठिपका 3 मिलिमीटरचा ठेवला, तर ठिपके सुमारे आठ हजार लागतात. अॅक्रिलिक वापरा. पोस्टर कलरचा वाळलेला ठिपका ओल्या ब्रशने पुन्हा उठतो. मला सहा ट्यूब पुरतात: लेमन यलो, नारिंगी, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन ग्रीन आणि पांढरा. काळा घेऊ नका. केसांसाठी अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि व्हिरिडियनचे ठिपके पुरेसे गडद दिसतात.

फोटोतले रंग कमी करायला गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये `Image > Mode > Indexed` उघडा, `Generate optimum palette` निवडा, रंगांची कमाल संख्या 12 ठेवा आणि डिदरिंग बंद करा. चेहऱ्याचे बारा सपाट भाग मिळतील. ओठ आणि डोळ्यांतला पांढरा भाग लहान असल्यामुळे या छाटणीत बहुधा हरवतो. त्यांचे रंग मूळ फोटोवरून वेगळे टिपून ठेवा.

आता खरी अडचण. फोटोतून टिपलेला रंग तुमच्या एकाही ट्यूबमध्ये नसतो. तो ठिपक्यांत फोडावा लागतो, आणि इथेच माझी पहिली तीन चित्रं वाया गेली. पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो की निळ्याशेजारी पिवळा ठिपका ठेवा, लांबून हिरवा दिसेल. दिसत नाही. अल्ट्रामरीन आणि पिवळा शेजारी ठेवले की लांबून मळकट करडा दिसतो. पॅलेटवर कालवलेले रंग एकमेकांचा प्रकाश शोषून हिरवा देतात. शेजारचे ठिपके मात्र डोळ्यात प्रकाशाची सरासरी देतात, आणि पिवळा व निळा एकमेकांना मारतात. हिरवा हवा असेल तर हिरवाच ठिपका लावा.

दुसरी चूक मी आईच्या चित्रात केली. खिडकीजवळ बसलेल्या तिच्या गालाचा रंग टिपला, त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्याच्या स्क्रीनवरच्या आकड्यांची सरळ सरासरी धरून ठिपक्यांचं प्रमाण काढलं आणि आठवडाभर ठिपके दिले. लांबून पाहिलं तर चेहरा खडूची पूड फासल्यासारखा पांढुरका दिसत होता. कारण असं, की स्क्रीनवरचे 0 ते 255 हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. शुद्ध काळ्या-पांढऱ्याचे निम्मे-निम्मे ठिपके लांबून 128 च्या करड्यासारखे दिसत नाहीत, 188 च्या आसपास दिसतात. म्हणून आधी प्रत्येक आकडा प्रकाशात बदलायचा आणि मगच सरासरी काढायची. स्प्रेडशीटमध्ये एवढं सूत्र पुरतं:

```
=(A1/255)^2.2
```

तुमच्या ट्यूबचे आकडेही हवेत. प्रत्येक रंगाचं जाडसर ठिगळ लावा, वाळू द्या, दिवसा सावलीत कोऱ्या पांढऱ्या कागदासोबत फोटो काढा आणि त्यावरून रंग टिपा. कोऱ्या कागदाचे आकडे 230 च्या आसपास आले पाहिजेत. कंपनीच्या छापील रंगतक्त्यावरून आकडे घेऊ नका, छपाईचा रंग म्हणजे तुमचा रंग नव्हे.

आईच्या गालाचं उदाहरण घेतो. टिपलेला रंग 176, 122, 90. सूत्रातून लाल, हिरवा, निळा प्रकाश अनुक्रमे 0.44, 0.20, 0.10 निघतो. माझी नारिंगी 240, 120, 24 आहे, व्हिरिडियन 30, 112, 80, अल्ट्रामरीन 40, 52, 140, आणि पांढरा तिन्हींत 230. वीस ठिपक्यांत 9 नारिंगी, 7 हिरवे, 3 निळे आणि 1 पांढरा धरला, तर सरासरी 0.44, 0.19, 0.11 येते, म्हणजे जवळपास तोच गाल. सावळ्या गालात सात हिरवे ठिपके! जवळून ते पाहून हात कचरतो आणि माणूस दोन-तीन हिरवे कमी करून नारिंगी वाढवतो. तसं केलंत की चेहरा तापलेला दिसतो. आकड्यांवर विश्वास ठेवा. जबड्याखालच्या सावलीसाठी नारिंगी कमी करून क्रिमसन आणि अल्ट्रामरीन वाढवा, पण कृती पुन्हा मांडून, अंदाजाने नाही. बारा भागांच्या बारा कृती एका कागदावर लिहून समोर चिकटवा.

हा सगळा हिशेब ठिपक्यांमध्ये कागद दिसत नाही असं धरून आहे. गोल ठिपके एकमेकांना टेकवून ओळीत लावले तरी सुमारे 21 टक्के कागद उघडा राहतो. तो पांढरा असेल तर वीस ठिपक्यांत चारहून जास्त पांढरे नकळत घुसले, आणि पुन्हा तोच खडू. म्हणून प्रत्येक भागाखाली त्याच भागाच्या टिपलेल्या रंगाचा पातळ हात आधी द्या. रंग कालवायची मुभा एवढ्याच ठिकाणी. कट्टर लोकांना हे चालत नाही, पण सरळ पांढऱ्यावर ठिपके देऊन चेहरा फिकट करण्यात काय शुद्धता आहे, मला कळत नाही. पॉइंटिलिझम सुरू करणाऱ्या फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरानेही 1884 ते 86 दरम्यानच्या आपल्या ‘ग्रांद जात’च्या चित्रात आधी ब्रशचे फटकारे दिले होते, ठिपके त्यावर नंतर चढले. व्हिरिडियन पारदर्शक असतो, त्यामुळे त्याचं ठिगळ आकडे घेताना तशाच तळावर लावा.

ठिपके देताना एका वेळी एकच रंग घ्या. आधी सगळ्या भागांतले नारिंगी, विखरून, ओळीत नाही. ते वाळल्यावर हिरवे, मग निळे, क्रिमसन, पिवळे, शेवटी पांढरे. दोन ओले ठिपके टेकले की कडेला चिखल होतो. ब्रशच्या दांड्याचं मागचं टोक वापरा. कापसाची काडी नको, तिचा ठिपका मोठा उमटतो आणि दर वेळी वेगळ्या आकाराचा.

तपासायला चार पावलं मागे जाणं पुरत नाही. 3 मिलिमीटरचे ठिपके पूर्ण मिसळायला दहा मीटरच्या आसपास अंतर लागतं, ते घरात मिळत नाही. मला लांबचं दिसत नाही, म्हणून मी चष्मा काढून पाहतो. तुमची नजर चांगली असेल तर फोनचा कॅमेरा जवळच्या बोटावर फोकस करून धरा, मागचं चित्र धूसर दिसेल. ठिपके विरघळून फक्त रंग उरला पाहिजे. एखादा भाग धूसर होऊनही फोटोपेक्षा हिरवट दिसला, तर नारिंगीचा एक ठिपका वाढवा, थांबा, पुन्हा पाहा.

बुबुळातला चकाकणारा ठिपका सगळ्यात शेवटी द्या. तो पांढरा, एकच, आणि बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा.