नफा ६० वरून ३६ वर आला आणि आरओई १२ वरून १८ वर गेला

कंपन्यांचे ताळेबंद वाचायच्या कामाला लागून मला दोन-तीन महिने झाले होते. एका कंपनीवर टिपण लिहायचं होतं. चार वर्षांत तिचा आरओई, म्हणजे भागधारकांच्या पैशावरचा परतावा, १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला होता. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'व्यवसायाची कमाई सुधारते आहे.' माझ्या वरिष्ठांनी टिपण वाचून एवढंच विचारलं, "तेव्हा नफा किती होता आणि आता किती आहे?"

मी तो पाहिलाच नव्हता. तक्त्यातला आरओईचा तयार रकाना उचलला होता. नफा काढून बघितला तर तो ६० कोटींवरून ३६ कोटींवर आलेला. हे कसं झालं ते सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे जरा गोल करून घेतले आहेत.

आरओई म्हणजे निव्वळ नफा भागिले भागधारकांचा निधी. हा निधी म्हणजे भागभांडवल आणि साठलेला नफा, थोडक्यात नेटवर्थ. कंपनीने घेतलेलं कर्ज या छेदात धरलं जात नाही. सगळी मेख इथेच आहे.

पहिल्या वर्षी व्यवसायात ६०० कोटी गुंतले होते. त्यांतले ५०० भागधारकांचे आणि १०० कर्जाचे. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा ८८ कोटी. ८ टक्के दराने ८ कोटी व्याज गेलं, उरले ८०. त्यावर २५ टक्के कर, म्हणजे २० कोटी. हाती राहिले ६०. पाचशेवर साठ, म्हणजे १२ टक्के.

मधल्या काळात कंपनीने ३०० कोटींचं नवं कर्ज काढलं आणि त्या पैशातून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. दरवर्षीचा नफाही पूर्णपणे लाभांशात वाटला. चौथ्या वर्षी व्यवसायात गुंतलेले पैसे तेच ६०० कोटी, पण आता त्यांत भागधारकांचे २०० आणि कर्जाचे ४००. नवा कारखाना नाही, नवं यंत्र नाही. व्याज-कराआधीचा नफा उलट घसरून ८० वर आलेला. व्याज ३२, उरले ४८, कर १२, हाती ३६. दोनशेवर छत्तीस, म्हणजे १८ टक्के. अंश घटला होता, पण छेद त्याहून वेगाने आटला होता.

मला हे खरं उमगलं ते आरओईचे दोन तुकडे केल्यावर. पहिला तुकडा, एकूण गुंतलेल्या पैशावर निव्वळ नफा किती. दुसरा, गुंतलेला पैसा भागधारकांच्या पैशाच्या किती पट. आधी १० टक्के गुणिले १.२ पट होतं, नंतर ६ टक्के गुणिले ३ पट झालं. तुकडे वेगळे केले की वाढ कुठून आली ते लगेच दिसतं. शिवाय व्याजाचा परिणाम बाजूला ठेवून व्यवसाय कसा चाललाय हे बघायचं तर आरओसीई, म्हणजे व्याज-कराआधीचा नफा भागिले एकूण गुंतलेला पैसा, काढायचा. तो ८८ भागिले ६०० म्हणजे १४.७ टक्के होता, तो १३.३ वर आला होता. माझं पहिलं वाक्य चुकीचं होतं, याचा पुरावा या एका आकड्यात होता.

कर्ज काढणं मुळात वाईट, असं मी म्हणत नाही. व्यवसाय १३ टक्के कमावत असेल आणि पैसा ८ टक्क्यांनी मिळत असेल, तर मधला फरक भागधारकांच्या पदरात पडतो आणि तो खराच असतो. पण त्यासोबत जोखीमही येते, आणि ती आरओईत दिसत नाही. याच कंपनीचा व्याज-कराआधीचा नफा ४८ कोटींवर आला, म्हणजे आरओसीई ८ टक्के झाला, तर जुन्या आणि नव्या दोन्ही रचनांत आरओई ६ टक्केच येतो. त्याखाली कर्जाची रचना मागे पडते. नफा ३२ वर आला तर जुन्या रचनेत भागधारकांना १८ कोटी उरले असते. नव्या रचनेत सगळे व्याजात जातात. किंवा नफा ८० वरच राहिला आणि कर्जाचं नूतनीकरण करताना दर १२ टक्के लागला, तर व्याज ४८ कोटी होतं आणि आरओई परत १२ वर येतो. म्हणून मी आता आरओईशेजारी व्याज-कराआधीच्या नफ्यातून व्याज किती वेळा भरता येतं ते लिहितो. इथे ते ११ पटींवरून अडीच पटींवर आलं होतं.

बँकांना मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. ठेवी हा त्यांचा कच्चा मालच असतो, त्यामुळे गुंतलेला पैसा भागधारकांच्या पैशाच्या कित्येक पट असणं तिथे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी एकूण मालमत्तेवरचा परतावा आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने भांडवल पुरेसं आहे का, ते बघतात.

आणखी एक, चाळणी लावून कंपन्या निवडताना हटकून फसवणारी गोष्ट. साठलेल्या तोट्याने नेटवर्थ उणे झालेली कंपनी घ्या: तोटा १० कोटी, नेटवर्थ उणे ५०. उणे भागिले उणे, तक्त्यात झळकतो २० टक्के आरओई. म्हणून आरओईची चाळणी लावण्याआधी नेटवर्थ शून्याच्या वर आहे ना, ही चाळणी लावा.