६ मीटरच्या बीमला १२ च्या तीनच सळ्या? (माझा अनुभव)

अरे, तुझं ड्रॉइंग मी साइटवर जाऊ दिलं नाही, त्याचं कारण लिहितोय. विटांच्या भिंतींवर टेकलेला ६ मीटरचा बीम, भार ३० kN/m, आणि खाली १२ मिमीच्या फक्त तीन सळ्या. नजरेलाच खटकलं.

तू मॉडेल पुन्हा चालवलंस, बीमचे आणखी तुकडे पाडलेस, भार तपासलास. उत्तर तेच, मधला मोमेंट ४५ kNm. मीही आधारांवरच्या प्रतिक्रिया तपासण्यात अर्धा तास घालवला. दोन्हीकडे ९० kN, बेरीज बरोबर. तिथेच आपण फसलो, कारण आधार चुकला तरी अशा सममित बीमच्या प्रतिक्रिया बदलत नाहीत.

मग कागदावर नुसत्या टेकलेल्या बीमचा मधला मोमेंट, wl²/8, मांडला: ३० × ३६ ÷ ८ = १३५. म्हणजे तुझं उत्तर नेमकं एक तृतीयांश. भारात गडबड असती तर इतका स्वच्छ भागाकार सहसा येत नाही. wl²/24 हा दोन्ही टोकं जखडलेल्या बीमचा मधला मोमेंट. लगेच टोकांचे मोमेंट उघडले: ९० kNm, म्हणजे wl²/12. विटांची भिंत एवढा मोमेंट कुठून धरणार?

टोकांचे आधार ‘फिक्स्ड’ होते. एकीकडे हिंज, दुसरीकडे रोलर केला, पुन्हा चालवलं. टोकांना शून्य, मध्ये १३५. आता सळ्या नव्याने काढ, आणि हाताने केलेला हिशेब शीटला जोडूनच माझ्याकडे पाठव. डिफ्लेक्शनही बघ, तेही पाचपट वाढलंय.