ऑडिट पुराव्याची उतरंड: कागद बाहेरचा आहे म्हणून लगेच टिक मारू नका

ऑडिटमध्ये नव्याने आलेल्या मुलांना ही उतरंड तोंडपाठ असते. ऑडिटरने स्वतः मोजलेला किंवा पुन्हा हिशोब करून मिळवलेला पुरावा सगळ्यांत वर, त्याखाली त्रयस्थाकडून थेट आलेला, मग क्लायंटचे स्वतःचे कागद आणि तळाशी तोंडी खुलासा. घोटाळा होतो तो ही उतरंड डोळे झाकून वापरल्यामुळे. कागद कुठल्या पायरीवरचा आहे एवढंच पाहिलं जातं, तो कुठल्या वाटेने आला हे कोणी विचारत नाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे ग्राहक, बँक अशा बाहेरच्यांना पत्र पाठवून बाकी लेखी पक्की करून घेण्यातली. पत्रं ऑडिटरने तयार करायची, पण पाठवायला क्लायंटच्या अकाउंटंटला द्यायची, आणि आठवड्याने त्यानेच उत्तरांची फाइल आणून द्यायची. वेळ वाचतो हे खरं. पण या उत्तरांना आता बाहेरचा पुरावा म्हणता येत नाही, कारण मधल्या माणसाला ती बदलता आली असती. आयएसए 505 या आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकामध्ये पत्रांवरचा ताबा ऑडिटरकडेच राहावा असं सांगितलंय ते यासाठीच. 2003 मध्ये पार्मालात या इटालियन दूध-खाद्य कंपनीच्या एका उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत जवळपास 3.95 अब्ज युरो असल्याचं पत्र फाइलमध्ये होतं. बँकेने सांगितलं, असं खातंच नाही. पत्र बनावट होतं.

म्हणून पत्र स्वतः पाठवा आणि उत्तर तुमच्याच पत्त्यावर मागवा. ज्या ईमेलवर पाठवताय तो क्लायंटने दिलेल्या यादीतला असेल, तर दुसरीकडून पडताळा. उत्तर ‘फॉरवर्ड’ होऊन आलं, तर पाठवणाऱ्याला स्वतः शोधलेल्या नंबरवर एक फोन करा.

आता समजा, उत्तर नीट, थेट आलं आणि आकडा जुळला नाही. खातेवहीत ग्राहकाकडून येणं 8,40,000, ग्राहक म्हणतो 7,15,000. फरक 1,25,000. अकाउंटंट लगेच सांगतो, ‘‘शेवटच्या दिवशीचं बिल आहे, माल वाटेत होता.’’ आणि वर्किंग पेपरवर लिहिलं जातं: ‘फरक मार्गस्थ मालाचा, खुलासा समाधानकारक.’ थेट आलेल्या लेखी उत्तराला एका वाक्याने खाली बसवलं!

तोंडी खुलासा टाकाऊ नसतो, तो दिशा दाखवतो. तो खरा असेल तर कुठला कागद असायलाच हवा, हे स्वतःला विचारायचं. इथे अटीनुसार माल गोदामातून निघाला की विक्री धरतात, म्हणजे प्रश्न एकच: ट्रक कधी निघाला? बिलावर वर्षाचा शेवटचा दिवस आहे, पण बिल अकाउंट्स विभागानेच काढलंय. गेटवरच्या नोंदवहीत तोच ट्रक तीन दिवसांनी बाहेर पडलेला, आणि वाहतूकदाराच्या पावतीवरही तीच तारीख. विक्री पुढच्या वर्षाची. यंदाच्या विक्रीतून आणि येण्यातून 1,25,000 कमी करायचे, आणि तो माल वर्षअखेरच्या साठ्यात धरलाय का हेही बघायचं. मग त्या शेवटच्या आठवड्यातली बाकीची बिलंही काढा, अशी चूक सहसा एकटी नसते.

गेटची नोंदवही आणि बिल, दोन्ही अंतर्गतच कागद. तरी वजन सारखं नाही. गेटवरच्या माणसाला विक्रीचं टार्गेट नसतं आणि तो ट्रक समोर असतानाच नोंद करतो. अंतर्गत कागद तोलताना तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे पाहायचं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या, तर मात्र तीच वही संशयास्पद.

शेवटची चूक हुशार मुलं करतात. पुन्हा केलेला हिशोब सगळ्यांत वरचा पुरावा, म्हणून आकडा जुळला की विषय संपला असं त्यांना वाटतं. एक उदाहरण घ्या. यंत्राची किंमत 6,00,000, आयुष्य 10 वर्षं, सरळ रेषेने घसारा वर्षाला 60,000. क्लायंटने तीन महिन्यांचा 15,000 लावलाय. तुम्ही गुणाकार-भागाकार केला, 15,000 आले, टिक. पण ‘तीन महिने’ आले कुठून? मालमत्ता नोंदवहीतून, म्हणजे अंतर्गत कागदातून. यंत्र बसवून देणाऱ्याच्या रिपोर्टवर ते वर्षअखेरीच्या सहा महिने आधीच वापरायला तयार असल्याची सही आहे. घसारा 30,000 हवा, नफा 15,000 ने जास्त दाखवलाय. तुमच्या हिशोबाने सिद्ध झालं ते फक्त गणित. किंमत, तारीख आणि आयुष्य यांचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

माझ्या वर्किंग पेपरवर म्हणून प्रत्येक टिकेपुढे दोन छोटे रकाने असतात: ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाच्या हातातून’. पुन्हा केलेल्या हिशोबाला तिसरा, ‘आकडे कुठले’. तो रिकामा असेल, तर मी कागद परत पाठवते.